कलरिस्टला लूकचा ब्रीफ कसा द्यावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लघुपट, माहितीपट किंवा पहिला सिनेमा घेऊन डीआयला, म्हणजे सिनेमाच्या रंगकामाला, येणाऱ्या दिग्दर्शकांकडून आणि डीओपींकडून जे प्रश्न नेहमी येतात, त्यांची ही उत्तरं आहेत. मी कलरिस्टच्या खुर्चीतून लिहितो आहे. ब्रीफ हातात आल्यावर त्याचं पुढे काय होतं, हे तिथून नीट दिसतं.

ब्रीफ लेखी कशाला? शेजारी बसून सांगितलं तर चालणार नाही का?

शेजारी बसावं लागतंच. पण आपला डोळा समोरच्या चित्राशी फार लवकर जुळवून घेतो. पिवळसर केलेला शॉट दहा मिनिटं बघत बसलात की तो तुम्हाला साधाच वाटायला लागतो, आणि मग तुम्ही म्हणता, "अजून थोडा वॉर्म करू या." संध्याकाळपर्यंत सिनेमा हळदीत बुडालेला असतो आणि खोलीतल्या कुणालाच ते कळलेलं नसतं. डोळे ताजे असताना लिहिलेला कागद आणि त्यासोबतच्या फ्रेम मात्र जागच्या हलत नाहीत. दुसरं कारण व्यवहाराचं आहे. पहिला पास कलरिस्ट बहुतेक वेळा एकटाच करतो. त्या वेळी त्याच्याजवळ तुमचा फक्त कागद असतो.

रेफरन्स फ्रेम किती द्याव्यात?

सीन मोजू नका, उजेडाचे प्रकार मोजा. पावसाळी दिवस बाहेर, तोच दिवस घरात, आणि रात्री कंदिलाचा उजेड, असे तीन प्रकार असतील तर पाच-सहा फ्रेम पुरतात. चाळीस फ्रेमचा फोल्डर आला की त्यातल्या निम्म्या एकमेकींना खोडून काढतात. मग तुम्हाला नेमकी कुठली आवडली होती, हे ओळखण्यात कलरिस्टचा दिवस जातो.

फ्रेम दिली की लूक कळला ना? वर आणखी लिहायचं काय?

बहुतेक ब्रीफ इथेच फसतात, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो.

कुठल्याही सुंदर फ्रेममधला बराचसा रंग ग्रेडिंगच्या आधीच ठरलेला असतो. भिंत कुठल्या रंगाची रंगवली, साडी कोणती नेसवली, उजेड खिडकीतून आडवा घेतला की डोक्यावरून, कॅमेऱ्यासमोर धूर सोडला का, हे सगळं शूटिंगच्या दिवशी पक्कं होतं. समजा तुम्ही दिलेल्या फ्रेममध्ये भिंत शेवाळी आहे, नटीच्या अंगावर मातकट कपडे आहेत आणि एकाच बाजूने मऊ उजेड येतो आहे. तुमच्या फ्रेममध्ये मात्र भिंत चुन्याची पांढरी आहे, कपडे गुलाबी आहेत आणि वर ट्यूबलाइट आहे. अशा वेळी कलरिस्ट काय करेल? सगळ्या चित्रावर शेवाळी छटा चढवेल. भिंत थोडी तशी दिसेल, पण चेहरा आजारी दिसेल. तुम्ही म्हणाल, "रेफरन्ससारखं झालं नाही." आणि ते खरंच असेल.

म्हणून प्रत्येक फ्रेमखाली दोन ओळी लिहा: यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं. "यातली सावली घ्या, अंधारातही दाराची चौकट दिसते तेवढी. निळा रंग सोडा." एवढं पुरतं. या दोन ओळी लिहिताना तुमचं तुम्हालाच कळतं की ती फ्रेम तुम्हाला रंगासाठी आवडली होती, की तिच्यातल्या घरासाठी.

चेहऱ्यांकडे विशेष लक्ष द्या. परदेशी सिनेमातल्या फ्रेममध्ये गोरा चेहरा असतो. गोरी त्वचा मधल्या राखाडीपेक्षा साधारण एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, उजळ पडते. आपल्याकडची सावळी त्वचा मधल्या राखाडीच्या आसपास किंवा त्याखाली असते. कलरिस्टने रेफरन्सशी चेहऱ्याचा उजेड जुळवला, तर तुमची नायिका एक स्टॉप उजळते. चेहरा पिठूळ दिसतो आणि मागची खोली नको इतकी उघडी पडते. वेक्टरस्कोपवर, म्हणजे रंगछटा दाखवणाऱ्या मापकावर, गोरी आणि सावळी त्वचा जवळपास एकाच रेषेच्या आसपास पडते. मोठा फरक उजेडाचा असतो, छटेचा नाही. तेव्हा ब्रीफमध्ये स्पष्ट लिहा: "चेहरा आहे तितकाच सावळा ठेवा, उजळवू नका." हे वाक्य मला प्रत्येक ब्रीफमध्ये वाचायला आवडेल.

फ्रेम दुसऱ्या सिनेमातल्याच हव्यात का?

नाही. जुना फोटो, चित्र, कापडाचा तुकडा, लोकेशनवर फोनने काढलेला फोटो, काहीही चालतं. 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?' हा २००० साली आलेला सिनेमा मिसिसिपीत उन्हाळ्यात चित्रित झाला. तेव्हा सगळीकडे हिरवंगार होतं. कोएन बंधूंना मात्र कोरडा, धुळकट मुलूख हवा होता, हाताने रंगवलेल्या जुन्या पोस्टकार्डांत दिसतो तसा. छायाचित्रकार रॉजर डीकिन्स यांनी आधी फिल्म लॅबमधल्या पद्धती करून पाहिल्या. पण त्यांतून इतर रंगांना धक्का न लावता फक्त पानांचा हिरवा बदलता येईना. म्हणून पूर्ण सिनेमा स्कॅन करून डिजिटल रंगवला. तिथे रेफरन्स पोस्टकार्डाचा होता आणि मागणी साध्या शब्दांत सांगता येण्यासारखी होती: हिरवं वाळवा.

तरी सगळ्यात मोलाची फ्रेम तुमच्या स्वतःच्या रशेसमधली असते. उजेडाच्या प्रत्येक प्रकारातून तुमचा एक शॉट निवडा आणि तो बाहेरच्या रेफरन्सच्या शेजारी ठेवा. दोन्हींत उजेडाची दिशा आणि वेळ जुळत नसेल, तर तो रेफरन्स काढून टाका. भर दुपारच्या शॉटला सांजवेळेचा रेफरन्स दिला तर त्यातून काहीच हाती लागत नाही.

"साधी भाषा" म्हणजे कशी? मला तांत्रिक शब्द येत नाहीत.

न आलेलेच बरे. "मिडटोनमध्ये थोडा टील" असं लिहिलंत तर तुम्ही मला उपाय सांगितलात. तुमची अडचण काय आहे, हे मला कळलंच नाही. "सिनेमॅटिक", "रिच", "पॉप व्हायला हवं" या शब्दांतूनही काही कळत नाही, कारण प्रत्येकाच्या मनात त्यांचं चित्र वेगळं असतं.

चार गोष्टी लिहा. सगळ्यात काळी जागा किती काळी हवी: विहिरीत वाकून पाहिल्यासारखी, की धुऊन विटलेल्या काळ्या कापडासारखी? सगळ्यात उजळ जागेत काही दिसायला हवं, की ती पांढरी राहिली तरी चालेल? चेहरा आसपासच्या जागेतून उठून यावा, की तिच्यात मिसळावा? आणि कुठला एक रंग सांभाळायचा, कुठला मागे सारायचा? रंगांसाठी आपल्याकडे साड्यांच्या दुकानातली नावं आहेतच: आमसुली, मोतिया, चिंतामणी, शेवाळी. ती बिनधास्त वापरा, पण सोबत त्या रंगाचा एक फोटो जोडा.

भावना जरूर लिहा, पण तिच्यामागे चित्रात दिसणारी एखादी गोष्ट असू द्या. "उदास" एवढ्याने काम होत नाही. "उदास, म्हणजे दुपारी दोनलाही दिवे लावावेसे वाटतील इतका कमी उजेड" हे लगेच करता येतं.

एखादा पूर्ण ब्रीफ कसा दिसतो?

उदाहरणादाखल १८ मिनिटांचा एक लघुपट घेऊ. वडील गेल्यावर मुलगी मुंबईहून कोकणातल्या घरी येते आणि तीन दिवस घर आवरते. चित्रीकरण जुलैमधलं, रत्नागिरीच्या बाजूचं, दहा-बिट लॉगमध्ये, म्हणजे ग्रेडिंगला वाव राहील अशा फिक्या रेकॉर्डिंगमध्ये. ब्रीफ असा:

"एका ओळीत: सगळं ओलं आहे, पण थंड नाही. पाऊस म्हटला की निळा, हे आम्हाला नको आहे. हे तिचं घर आहे, इथे तिला परकं वाटत नाही.

फ्रेम १, आमचा शॉट: मुलगी ओटीवर, सकाळ. तिचा चेहरा हे सगळ्या सिनेमाचं माप. सावळी, किंचित ओलसर, उजळवू नये. बाकी सगळं याच्याशी जुळवा.

फ्रेम २, घरातल्या अल्बममधला जुना रंगीत फोटो. यातला विटलेला काळा घ्या, फक्त दिवसाच्या सीनसाठी. फोटोवर जी लालसर झाक आली आहे ती सोडा.

फ्रेम ३, एका जपानी सिनेमातली पावसातली खिडकी. खिडकीबाहेरचं आकाश राखी दिसतं, जळून पांढरं होत नाही, ते घ्या. निळेपणा सोडा.

फ्रेम ४, लोकेशनवर फोनने काढलेला भाताच्या तरव्याचा फोटो. आमच्या फुटेजमध्ये सगळी झाडं एकसारखी भडक हिरवी आली आहेत. तरवा पोपटीच राहू दे. फणस आणि आंब्याची पानं काळपट हिरवी हवीत. अंगणातल्या जांभ्याचा लाल सांभाळा.

फ्रेम ५, आमचा शॉट: वीज गेल्यावरचं माजघर, कंदील. अंधार खराच काळा हवा, निळा नाही. कंदिलाची काच जळाली तरी चालेल. आईचा चेहरा एका बाजूने हरवला तरी चालेल.

फ्रेम ६, हे नको: निळसर-हिरव्या पावसाची फ्रेम.

काळजीच्या जागा: अंगणातले तीन शॉट ऊन पडल्यावर घेतले आहेत."

सगळा मिळून दीड पान. 'हे नको' असं सांगणारी एक फ्रेम जरूर द्या, कारण कलरिस्टचा हात सवयीने जिकडे वळतो ती वाट त्या एका फ्रेमने बंद होते. काळजीच्या जागाही लपवू नका. पहिल्या तासात त्या सापडतातच.

या ब्रीफवरून कलरिस्ट प्रत्यक्ष काय करतो?

आधी फ्रेम १ पक्की करतो. चेहरा वेव्हफॉर्मवर, म्हणजे उजेडाच्या आलेखावर, कुठे बसतो ते पाहतो आणि त्या ग्रेडचा स्टिल गॅलरीत ठेवतो. पुढे दिवसाचा प्रत्येक शॉट या स्टिलशी वाइप करून, म्हणजे पडद्यावर अर्धा-अर्धा शेजारी ठेवून, ताडला जातो.

विटलेला काळा म्हणजे काळ्याची पातळी थोडी वर उचलणं. डाविंची रिझॉल्व्हच्या शून्य ते १०२३ च्या मापावर ती पन्नास-साठच्या आसपास बसवली की जुन्या फोटोचा भास येतो. त्याहून वर गेलं की चित्रावर धुकं चढल्यासारखं दिसतं. रात्रीच्या कंदिलाच्या सीनला हेच केलं असतं, तर अंधारातला सगळा नॉइज वळवळताना दिसला असता. ब्रीफमधल्या "फक्त दिवसाच्या सीनसाठी" या शब्दांनी ते टळलं.

हिरव्याचं काम सगळ्यात नाजूक असतं. ढगाळ उजेडात तरवा आणि फणसाचं पान यांत छटेचा फरक थोडाच असतो. तरवा पिवळ्याकडे झुकतो, फणस निळ्याकडे. म्हणून आधी ह्यू व्हर्सेस सॅच्युरेशन या कर्व्हने निळसर हिरवा मागे घेतला. मग ह्यू व्हर्सेस ल्युमिनन्सने तोच थोडा काळवंडवला, आणि पिवळट हिरवा तसाच ठेवला. धोका एवढाच की झाडाखाली उभ्या माणसाच्या मानेवर आणि गालाच्या कडेवर पानांचा हिरवा उजेड पडलेला असतो. तोही त्याच कर्व्हमध्ये अडकतो आणि तेवढी जागा राखेसारखी दिसते. हे हनुवटीखाली पाहिलं की लगेच कळतं. उपाय म्हणजे चेहऱ्याला विंडो लावून तेवढा भाग या कर्व्हमधून बाहेर ठेवणं, आणि शॉट चालू असताना ती विंडो चेहऱ्यासोबत ट्रॅक करणं.

खिडकीचं निम्मंच जमलं. ज्या शॉटमध्ये आकाशाचा तपशील लॉगमध्ये शिल्लक होता, तिथे ते खाली ओढून राखी करता आलं. दोन शॉटमध्ये ते आधीच क्लिप झालेलं होतं. ओळखायची खूण सोपी आहे: वेव्हफॉर्मच्या माथ्यावर सपाट रेघ दिसते, आणि एक्स्पोजर खाली आणलं तरी ढग उमटत नाहीत, नुसता एकसारखा करडा पट्टा येतो. तो पट्टा चिकटवलेल्या कागदासारखा दिसतो. त्यापेक्षा तिथे पांढरं राहू द्यावं आणि त्याच्या कडा मऊ कराव्यात.

अंगणातले उन्हाचे तीन शॉट ढगाळ झाले नाहीत. कॉन्ट्रास्ट कमी झाला, उन्हाचा पिवळा उतरला, पण जमिनीवर सावलीची रेखीव कड राहिलीच, आणि डोळा तीच आधी पकडतो. शेवटी ते शॉट पाऊस थांबतो त्या जागी नेऊन 'उघडीप' म्हणून वापरले. हे एडिटिंग टेबलावर ठरलं. काळजीची जागा ब्रीफमध्ये लिहिली होती म्हणून ते वेळेत ठरवता आलं.

ग्रेडिंगने कुठल्या गोष्टी होत नाहीत?

कडक सावली मऊ होत नाही. जळालेला पांढरा परत येत नाही. आठ-बिटमध्ये शूट केलेलं ढगाळ आकाश फार ओढलं की पट्टे पडतात, कारण प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्याच असतात. दहा-बिटला त्या १०२४ असतात. ट्यूबलाइट आणि खिडकी एकाच चेहऱ्यावर पडली असेल, तर एक बाजू सुधारताना दुसरी बिघडते. विंडो लावून ते सावरता येतं, पण माणूस चालत असेल तर त्यात फार वेळ जातो.

रेफरन्स मी फोनवर पाहिले. चालेल ना?

निवडायला चालेल, ठरवायला नाही. ट्रू टोन, नाइट शिफ्ट, आपोआप बदलणारा ब्राइटनेस हे सगळं आधी बंद करा. एचडीआरमध्ये चालणाऱ्या सिनेमाचा स्क्रीनशॉट घेतला की तो बरेचदा फिका किंवा गढूळ येतो. ती फ्रेम पाठवलीत तर कलरिस्ट त्या गढूळपणालाच लूक समजेल. शक्य असेल तर साध्या एसडीआर कॉपीतून फ्रेम काढा.

ग्रेड झालेली फाइल तपासतानाही हेच. डीआय रूममधला मॉनिटर रेक ७०९ या टीव्हीच्या मानकावर, गॅमा २.४ आणि साधारण १०० निट्स उजेडावर लावलेला असतो आणि खोली अंधारी असते. तीच फाइल मॅकवर क्विकटाइममध्ये अनेकदा फिकी दिसते. तेवढ्यावरून "काळा कमी आहे" असा निरोप पाठवू नका. तो बदल केला की टीव्हीवर सावल्या बुजतात. सिनेमा थिएटरमध्ये लागणार असेल तर ते ब्रीफच्या पहिल्याच ओळीत लिहा. तिथे पडद्यावरचा पांढरा ४८ निट्सच्या आसपास असतो आणि त्याचं ग्रेडिंग वेगळ्या खोलीत तपासावं लागतं.

एडिटमध्ये लावलेल्या लटची, म्हणजे रंगाच्या तयार साच्याची, सवय झाली आहे. तेच हवं असेल तर?

मग ते लट आणि त्यासह काढलेल्या तुमच्या चार फ्रेम पाठवा, आणि त्यातलं काय आवडतं तेही लिहा. बहुतेक वेळा आवडलेला असतो तो कॉन्ट्रास्ट. चेहरे मात्र त्याच लटमुळे लालसर झालेले असतात आणि रोज पाहून ते खटकेनासे झालेले असतात. काय आवडतं ते लिहिलंत की कॉन्ट्रास्ट ठेवून चेहरे सुधारता येतात.

डीओपी एक म्हणतो, दिग्दर्शक दुसरं. कलरिस्टने कुणाचं ऐकायचं?

ब्रीफ एकच असावा आणि तो दोघांनी मिळून लिहावा. मत जुळत नसेल तर एकच शॉट घ्या, दोन्ही प्रकारे करून मागा आणि शेजारी शेजारी पाहा. हे पहिल्या दिवशीच उरका.

पहिला पास पाहिल्यावर शेरे कसे द्यायचे?

आधी पूर्ण सिनेमा न थांबता एकदा पाहा. शेरे दुसऱ्यांदा पाहताना लिहा, टाइमकोडसह, एका शॉटला एक. ब्रीफमधल्याच भाषेत लिहा: "०४:१२, फणस अजून पोपटी आहे, फ्रेम ४ पाहा." एकच तक्रार सहा शॉटमध्ये असेल तर ती सहा वेळा लिहू नका. सीनचं नाव द्या, म्हणजे तो बदल पूर्ण ग्रुपला एकदम लावता येतो. शेरे संध्याकाळी लिहिले असतील तर सकाळी दिवसाच्या उजेडात थोडा वेळ घालवून परत एकदा पाहा, आणि जे तेव्हाही खटकेल तेवढंच पाठवा.